जपानहून आणलेला राइस कुकर: पॅनेलवरची अक्षरं ओळखून भात कसा लावायचा

नाशिकमध्ये कामानिमित्त जपानला जाऊन आलेलं एखादं माणूस आता बऱ्याच घरांत असतं आणि परतताना त्याच्या बॅगेत राइस कुकरचं खोकं असतं. कुकर चांगलाच असतो. पण पॅनेलवर दहा बटणं आणि एकावरही ओळखीचं अक्षर नाही, म्हणून तो महिनाभर ओट्यावर आणि मग माळ्यावर जातो. ओळखीतल्या काही घरांत असे कुकर सुरू करून दिल्यावर लक्षात आलं की जपानी शिकायची गरज नाही. बारा-पंधरा चिन्हं डोळ्यांनी ओळखता आली की पुरे. मात्र ती ओळखण्याआधी कुकर उलटा करून बघायचा असतो, आणि नेमकं तेच राहून जातं.

आधी तळाचं लेबल, मग प्लग

कुकरच्या तळाला किंवा मागच्या बाजूला छापील पट्टी असते. तिच्यावर 100V असं लिहिलेलं असेल तर तो कुकर जपानच्या घरगुती बाजारासाठीचा आहे. आपल्या भिंतीतून 230 व्होल्ट येतात. साध्या हीटरची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे 100 च्या जागी 230 दिले तर सव्वापाच पट. व्यवहारात एवढी उष्णता तयार होईपर्यंत यंत्र टिकत नाही. आतलं सर्किट किंवा फ्यूज आधीच जातो, जळका वास येतो आणि डिस्प्ले काळा पडतो. एम. जी. रोडला मिळणारा चपट्या पिनांचा अ‍ॅडॉप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. तो लावून कुकर चालू करणं म्हणजे तो मारणंच.

लेबलवर 220V किंवा 220-230V असेल तर तो परदेशी ग्राहकांसाठी बनवलेला कुकर आहे. जपानच्या विमानतळांवर आणि मोठ्या शहरांतल्या करमुक्त दुकानांत असे कुकर मिळतात. त्याला फक्त पिनांचा प्रश्न असतो, आणि त्याच्या पॅनेलवर बहुतेक वेळा इंग्रजीही असतं.

100 व्होल्टचा असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावाच लागतो. तो केवढा घ्यायचा हे त्याच लेबलवरून ठरतं. 消費電力 या चार अक्षरांपुढे वॅट लिहिलेले असतात. साडेपाच कपांच्या आयएच, म्हणजे इंडक्शनवर तापणाऱ्या कुकरला हा आकडा साधारण हजार ते तेराशेच्या दरम्यान असतो. लेबलवर 1240W असेल तर दीड हजार वॅटचा ट्रान्सफॉर्मर कागदावर पुरतो, पण कुकर उकळी आणत असताना तो जवळजवळ पूर्ण भाराखाली राहतो. म्हणून दोन केव्हीएचा, म्हणजे साधारण दोन हजार वॅटचा घ्या. त्याचं वजन बरंच असतं, त्यामुळे तो ओट्यावर न ठेवता खाली कोरड्या जागी ठेवायचा.

दुकानात मागताना '230 ते 100' असं स्पष्ट सांगा. तयार मिळणारे बरेच ट्रान्सफॉर्मर अमेरिकन वस्तूंसाठीचे, 110 व्होल्टचे असतात. 'दहाच व्होल्ट जास्त, चालतं' असं दुकानदार म्हणेल. पण दहा टक्के जास्त व्होल्टेज म्हणजे साध्या हीटरमध्ये एकवीस टक्के जास्त उष्णता. वर रात्री उशिरा आपल्याकडची लाइन 250 पर्यंत चढली तर त्या 110 चे जवळपास 120 होतात. तयार मिळाला नाही तर सातपूर-अंबडच्या बाजूला ट्रान्सफॉर्मर वाइंड करून देणाऱ्यांकडून नेमका 100 व्होल्टचा करून घेता येतो. प्रवासात वापरायचे हलके, खिशाएवढे कन्व्हर्टर मात्र घेऊ नका. ते इस्त्री किंवा ड्रायरसारख्या साध्या हीटरसाठी असतात. इलेक्ट्रॉनिक पॅनेल असलेल्या कुकरला ते चालत नाहीत.

ट्रान्सफॉर्मर 16 अँपिअरच्या, म्हणजे गीझरच्या जाड पिनांच्या सॉकेटला लावा. 1240 वॅट आपल्या बाजूला साडेपाच अँपिअरच्या आसपास घेतात आणि लहान सॉकेट असतं सहाचं. घरातल्या इन्व्हर्टरवर हा कुकर चालवायचा विचारही करू नका. पंखे-दिवे चालवणारा इन्व्हर्टर एवढा भार उचलत नाही.

कुकर नक्की जपानीच आहे ना?

'जपानचा' म्हणून दिलेला कुकर कधी कोरियाचा किंवा चीनचाही निघतो. अक्षरांत गोल, काठ्या आणि चौकोन असतील, म्हणजे 취사, 보온 असं काही दिसेल, तर तो कोरियन. त्यात 취사 म्हणजे भात लाव, 보온 म्हणजे गरम ठेव, 예약 म्हणजे टायमर, 취소 म्हणजे रद्द. कोरियात आणि चीनमध्ये घरगुती वीज 220 व्होल्टची असल्याने त्यांना सहसा ट्रान्सफॉर्मर लागत नाही. लेबल मात्र तरीही वाचा. जपानी आणि चिनी पॅनेलमधला फरक ओळखायला सोपा आहे. जपानीत किचकट अक्षरांच्या मध्ये メニュー, スタート, おかゆ अशी मोजक्या रेघांची सुटसुटीत अक्षरं येतात. चिनीत सगळीच अक्षरं किचकट.

इथून पुढचं सगळं जपानी कुकरबद्दल आहे.

न वाचता सापडणारी दोन बटणं

पॅनेलवरून बोट फिरवा. एका मोठ्या बटणावर बारीक उंचवटा लागेल, ठिपक्यासारखा. दुसऱ्या एखाद्यावर छोटी आडवी उंच रेघ लागेल. दृष्टिहीनांनाही वापरता यावं म्हणून जपानमध्ये घरगुती वस्तूंसाठी हा संकेत ठरलेला आहे: ठिपका म्हणजे सुरू, रेघ म्हणजे बंद. जुन्या किंवा स्वस्त मॉडेलवर हे उंचवटे नसतीलही, पण असले तर अर्धं काम झालं.

ठिपक्याच्या बटणावर 炊飯 असतं, उच्चार 'सुइहान', अर्थ भात शिजवणे. काही ठिकाणी त्याच्या जोडीला スタート, म्हणजे 'स्टार्ट' असतं. रेघेच्या बटणावर 取消, किंवा तेच सोप्या अक्षरांत とりけし, किंवा नुसतं 切 असतं. अर्थ रद्द, बंद. काही चुकलं, काय दाबलं ते कळेनासं झालं, की हेच बटण दाबायचं.

गोंधळ होतो तो 取消 आणि 保温 यांच्यात. दुसरं 'होओन', म्हणजे गरम ठेवणे. दोन्हींच्या दुसऱ्या अक्षरात डावीकडे पाण्याचे तीन थेंब आहेत, म्हणून घाईत ती सारखीच दिसतात. 温 च्या उजवीकडे वर चौकोन आणि खाली ताटलीसारखी बैठक आहे. ती बैठक दिसली की गरम ठेवायचं बटण. भात शिजून झाला की यंत्र आपणहून 保温 वर जातं, त्यामुळे ते मुद्दाम दाबायची वेळ क्वचितच येते. त्याच्या शेजारी 再加熱 असेल तर तो भात पुन्हा वाफाळता करायचा पर्याय.

उरलेल्यांत 予約 म्हणजे टायमर, メニュー म्हणजे प्रकार निवडा, 時 म्हणजे तास आणि 分 म्हणजे मिनिटं. कामाची बटणं एवढीच.

दिव्यांसाठी एक नियम जवळपास सगळीकडे लागू पडतो. दिवा किंवा आकडा लुकलुकत असेल तर यंत्र तुमच्या उत्तराची वाट बघतंय, स्थिर असेल तर ते कामाला लागलंय. 炊飯 चा दिवा लुकलुकतोय म्हणजे भात शिजतोय असं समजून माणसं निघून जातात आणि तासाभराने तांदूळ पाण्यात तसेच असतात.

प्रकार: कुठला आपल्या कामाचा

मेनूचं बटण दाबत गेलं की डिस्प्लेवरचा बाण किंवा चौकट एकेका नावावर सरकते. पहिलं शोधायचं ते 米, म्हणजे तांदूळ. अधिकच्या चिन्हाला चारी कोपऱ्यांत रेघा दिल्या की रांगोळीतल्या चांदणीसारखं जे दिसतं, तेच हे अक्षर. आता त्याच्या आधी काय आहे ते बघा.

白米 म्हणजे पांढरा तांदूळ. आपला पॉलिश केलेला कोणताही तांदूळ इथे. 玄米 म्हणजे न सडलेला, तपकिरी तांदूळ. हातसडीचा तांदूळ अर्धवट सडलेला असतो, तरी त्यालाही हाच प्रकार बरा. 無洗米 ही तीन अक्षरं म्हणजे न धुता लावायचा तांदूळ. जपानमध्ये तो कोंडा काढूनच विकतात. आपल्याकडचा तांदूळ धुवावा लागतोच, त्यामुळे हा प्रकार विसरा. चुकून हाच निवडलेला राहिला तरी नुकसान काही नाही.

白米 मध्ये पुन्हा उपप्रकार असतात. ふつう म्हणजे नेहमीसारखा, やわらか मऊ, かため किंवा しゃっきり जरा मोकळा आणि もちもち चिकट. इगतपुरीकडचा इंद्रायणी मुळातच चिकट असतो, त्याला もちもち दिलं तर गोळा होतो. त्याला ふつう पुरे. कोलमला かため.

早炊き किंवा 急速 म्हणजे झटपट. हा प्रकार नीट समजून घ्यायला हवा, कारण सर्वाधिक तक्रारी याच्याभोवती असतात. साध्या 白米 ला पन्नास मिनिटं ते तासभर लागतो. पहिली पंधरा-वीस मिनिटं कुकर नुसता कोमट असतो, वाफ नाही, आवाज नाही. लोकांना वाटतं बिघडला. प्रत्यक्षात तो तांदूळ भिजवत असतो. कोमट पाण्यात दाण्याच्या मध्यापर्यंत पाणी गेल्यावरच तो उकळी आणतो. पाणी आटलं की तळाचं तापमान शंभराच्या वर चढतं, ते तळाच्या सेन्सरला कळतं आणि मग तो झाकणाखाली भात वाफेवर मुरवतो. या शेवटच्या टप्प्याला むらし म्हणतात. झटपट प्रकारात भिजवण्याचा टप्पा जवळजवळ गळतो आणि वाफवणंही कमी होतं. म्हणून न भिजवलेला तांदूळ 早炊き वर लावला की शीत बाहेरून मऊ आणि मध्ये कणी राहते. तुम्ही आधीच अर्धा तास तांदूळ भिजवून ठेवत असाल, तर मात्र 早炊き हाच तुमचा रोजचा प्रकार. उलट, 白米 वर लावायचे असतील तर धुऊन लगेच लावा, वेगळे भिजवू नका.

おかゆ म्हणजे पेज किंवा गुरगुट्या भात. आजारी माणसाला, बाळाला उत्तम. 炊込み म्हणजे तांदळाबरोबर भाज्या-मसाला घालून केलेला भात. आपल्या पुलावाला, मसालेभाताला हा वापरा, कारण मीठ-मसाला-साखर असलेलं पाणी तळाला लवकर लागतं आणि या प्रकारात आच त्या बेताने दिलेली असते. फोडणी बाहेर कढईत करून गार झाल्यावर घाला. भांड्यात फोडणी केली तर आतला लेप जातो. असा भात 保温 वर ठेवायचा नाही, लगेच काढायचा. すしめし हा सुशीचा भात, त्याला पाणी थोडं कमी घेतात. उद्या फोडणीचा भात करायचा आहे हे आज माहीत असेल तर हा प्रकार छान. おこわ चिकट तांदळासाठी, तो आपण खात नाही.

एक सावधगिरी. मुगाच्या डाळीची खिचडी おかゆ वर लावायचा मोह होतो. डाळीला फेस येतो, तो वाफेच्या भोकात अडकतो आणि पाणी झाकणातून बाहेर येतं. जपानी माहितीपुस्तकांत फेस येणारे पदार्थ लावू नका असं सहसा बजावलेलं असतं. कुकरवर 圧力 ही अक्षरं असतील, म्हणजे तो दाबाचा कुकर असेल, तर हे अजिबात करू नका. वाफेची वाट बंद झाली तर झाकण उडू शकतं. खिचडी आपल्या शिट्टीच्या कुकरलाच बरी.

भांड्याच्या आतल्या रेघा आणि कोलमचं गणित

पॅनेल कळलं तरी भात बिघडतो तो इथे. भांड्याच्या आत दोन-तीन ठिकाणी उभ्या पट्ट्या असतात आणि प्रत्येकीवर 1, 2, 3 असे आकडे. प्रत्येक पट्टीच्या डोक्यावर प्रकाराचं नाव असतं: 白米, 玄米, おかゆ. तपकिरी तांदळाला पाणी जास्त लागतं, त्यामुळे 玄米 ची 2 ची रेघ 白米 च्या 2 पेक्षा वर असते. पांढरा तांदूळ घेऊन चुकून त्या पट्टीवर पाणी भरलं की भात गिचका होतो. म्हणून आधी चांदणीचं अक्षर आणि त्याच्या आधीचं अक्षर, मग आकडा.

आकडा कपांचा आहे, पण कप त्यांचा. जपानी माप 合, उच्चार 'गो', म्हणजे 180 मिलिलिटर. त्यात साधारण 150 ग्रॅम तांदूळ बसतो. कुकरबरोबर आलेला प्लास्टिकचा कप हाच. तो हरवला असेल तर घरातली वाटी वापरू नका, वजनकाट्यावर 150 ग्रॅम मोजा. 200 किंवा 250 मिलिलिटरच्या वाटीने दोन वाट्या तांदूळ आणि पाणी 2 च्या रेघेला, असं केलं की भात कच्चा राहणारच.

आता एक प्रत्यक्ष हिशोब. चार माणसांसाठी दोन कप, म्हणजे 300 ग्रॅम तांदूळ घेतला.

इंद्रायणी असेल तर 白米 ची 2 ची रेघ. जपानी तांदळासारखाच हा आखूड आणि चिकट, त्यामुळे रेघ त्याला जवळपास चपखल बसते. तांदूळ नवा असेल तर रेघेच्या किंचित खालीच थांबा.

कोलमला ही रेघ पुरत नाही, कारण ती तांदळाच्या जेमतेम सव्वापट पाणी देते. जपानी तांदळाला तेवढंच लागतं. एका कपातला 150 ग्रॅम तांदूळ पाण्यात सुमारे 105 मिलिलिटर जागा घेतो आणि रेघ त्यावर सुमारे 215 मिलिलिटर पाणी धरते. म्हणजे प्रत्येक आकड्याला पातळी 320 मिलिलिटरच्या आसपास वर जाते. दोन कप तांदूळ ठेवून पाणी 2 आणि 3 च्या बरोबर मध्ये आणलं, तर एकूण पातळी 800. त्यातून तांदळाचे 210 वजा केले की पाणी उरतं 590, म्हणजे तांदळाच्या मापाच्या दीडपटीपेक्षा थोडं जास्त. 3 च्या रेघेपर्यंत नेलं तर 750, म्हणजे दुपटीच्या किंचित वर.

घरी उघड्या पातेल्यात कोलमला दुप्पट किंवा अधिक पाणी घालायची सवय असते. पण या कुकरचं झाकण घट्ट असल्याने वाफ कमी उडते. म्हणून पहिल्यांदा मधली पातळी धरा, प्रकार かため किंवा ふつう. भात झाल्यावर शीत बोटांत दाबून बघा. मध्ये टणक कणी लागली तर पुढच्या वेळी 3 कडे थोडं सरका. वरचा भात मोकळा पण तळाला लगदा असेल, तर पाणी कमी करा. जुना कोलम 3 च्या जवळ जातो, नवा मध्यावरच थांबतो. बासमतीला मधलीच पातळी द्या, पण अर्धा तास भिजवून 早炊き वर लावा. लांब दाणा हळू तापवत ठेवला की मोडतो.

तुमच्या भांड्याच्या रेघा थोड्या वेगळ्या असतील तर मोजून घ्यायला पाच मिनिटं लागतात. रिकाम्या भांड्यात मापाने पाणी ओतत जा आणि 2 व 3 च्या रेघेला किती झालं ते लिहून ठेवा.

साडेपाच कपांच्या कुकरमध्ये कोलम असा जादा पाण्यावर लावताना चार कपांच्या वर जाऊ नका. वरच्या रेघेच्या पलीकडे पाणी गेलं की ते उतू जातं आणि वाफेच्या भोकाभोवती पिठूळ थर बसतो.

टायमर, आणि साडेतीन तासांचा घोळ

予約 मध्ये आपण सांगतो ती वेळ भात *तयार होण्याची* असते, सुरू करण्याची नाही. दुपारी साडेबाराला जेवायचं असेल तर 12:30 लावायचं. किती वाजता तापायला लागायचं ते यंत्र स्वतः ठरवतं. घड्याळ चोवीस तासांचं, म्हणून रात्री साडेआठ म्हणजे 20:30.

पण आतलं घड्याळ जपानी वेळेवर चालत असतं. आत लहानशी बॅटरी असल्याने प्लग काढूनही ते बंद पडत नाही, तसंच विमानातून येतं. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. घड्याळ न बदलता 12:30 लावलं, तर आपल्या सकाळी नऊलाच भात तयार होऊन गरम बसतो. म्हणून टायमरला हात लावण्याआधी डिस्प्लेवरची वेळ भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून बघा. बदलायला 時刻合わせ किंवा 時計 असं बटण असेल तर ते दाबा. नसेल तर बऱ्याच मॉडेलांत 時 किंवा 分 चं बटण आकडे लुकलुकेपर्यंत दाबून धरायचं असतं. भात शिजत असताना किंवा 保温 चालू असताना घड्याळ बदलता येत नाही, आधी रद्दचं बटण दाबा. प्लग काढल्यावर प्रत्येक वेळी वेळ शून्यावर येत असेल तर ती आतली बॅटरी संपली. रोजचा भात तिच्याशिवायही होतो, फक्त टायमर लावताना घड्याळ पुन्हा लावावं लागतं.

क्रम असा: तांदूळ-पाणी भरून झाकण लावा, मेनूतून 白米 निवडा, 予約 दाबा, आकडे लुकलुकू लागले की 時 आणि 分 ने 12:30 आणा, आणि शेवटी ठिपक्याचं 炊飯 बटण दाबा. ते शेवटचं दाबणं राहिलं तर टायमर लागतच नाही. लागला की 予約 चा दिवा स्थिर होतो. 早炊き ला टायमर सहसा चालत नाही, पीं-पीं करून यंत्र नकार देतं. आणि नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये रात्रभर तांदूळ पाण्यात ठेवू नका, आंबूस वास येतो.  ट्रान्सफॉर्मर भात होईपर्यंत चालू ठेवावा लागतो, तो गुणगुणतो आणि थोडा कोमट लागतो, ते ठीक आहे. हात ठेववत नसेल इतका तापला तर मात्र तो लहान पडतोय.

शिजताना आणि नंतर डिस्प्लेवर काय दिसतं

炊飯 दाबल्यावर बऱ्याच यंत्रांत बराच वेळ नुसतं घड्याळच दिसत राहतं. शेवटच्या टप्प्यात आकडा बदलतो आणि शेजारी あと येतं, उदाहरणार्थ あと 10分, म्हणजे आणखी दहा मिनिटं. भात झाल्यावर छोटी धून किंवा पीं-पीं आवाज येतो. लगेच झाकण उघडून भात उलथन्याने खालीवर करा, नाहीतर वाफ थेंब होऊन वरच्या थराला ओला करते.

मग डिस्प्लेवर 1, 2 असे आकडे आणि शेजारी 時間 दिसू लागतं. तो उरलेला वेळ नाही. भात गरम ठेवून किती तास झाले ते तो सांगतो. बाराच्या आसपास गेला की भात पिवळट पडतो आणि वास बदलतो, त्याआधी काढून रद्दचं बटण दाबा.

कधी E, H किंवा U च्या पुढे आकडे येतात. हे बिघाडाचे किंवा इशाऱ्याचे संकेत. त्या अक्षरांचा अर्थ कंपनीनुसार बदलतो, म्हणून एका कंपनीचा तक्ता दुसरीला लावू नका. आधी रद्द दाबा, प्लग काढा, झाकण उघडं ठेवून अर्धा तास थंड होऊ द्या. लागोपाठ दोनदा भात लावल्यावर नुसतं तापल्यामुळेही असा संकेत येतो. मग भांडं उचलून खालचा मधोमध असलेला, स्प्रिंगवर दबणारा गोल सेन्सर बघा. त्यावर एखादं शीत चिकटलं असेल तर भांडं नीट टेकत नाही आणि तापमान चुकीचं मोजलं जातं. भात मध्येच बंद पडून अर्धाकच्चा राहणं किंवा तळाला करपणं याचं हे नेहमीचं कारण. भांड्याची बाहेरची बाजू कोरडी आहे का, झाकणाच्या आतली सुटी पाती, म्हणजे 内ぶた, जागेवर आहे का, तेही बघा. एवढं करूनही तोच संकेत आला तर माहितीपुस्तक लागेल. लेबलवर 型名, 品番 किंवा 形名 पुढे इंग्रजी अक्षर-आकड्यांचा मॉडेल क्रमांक असतो. तो शोधखिडकीत टाकून पुढे 取扱説明書 चिकटवा. जपानी कंपन्या बहुतेक माहितीपुस्तकं आपल्या संकेतस्थळावर ठेवतात. त्यात आपला संकेत आकड्यांवरून तक्त्यात सापडतो आणि त्यापुढचं वाक्य जपानी जाणणाऱ्याला फोटो काढून पाठवता येतं.

मायक्रोवेव्ह आणायचा विचार असेल तर एवढंच. जपानच्या पूर्वेकडे वीज 50 हर्ट्झची आणि पश्चिमेकडे 60 ची, म्हणून तिथल्या काही मायक्रोवेव्हवर एकाच हर्ट्झचा उल्लेख असतो. 60 हर्ट्झचाच असेल तर तो आपल्याकडे ट्रान्सफॉर्मर लावूनही चालवू नये, कारण ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ नाही. लेबलवर 50-60Hz असेल तरच पुढचा विचार करा, आणि त्याला कुकरपेक्षा मोठा ट्रान्सफॉर्मर लागेल हे धरूनच.